होमपेजच्या डिझाइनवर क्लायंटचं मत मागवणारा ईमेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात वेबसाइट डिझाइनचं काम करणाऱ्या नव्या मुलामुलींकडून मला सतत हे प्रश्न येतात. पहिलं डिझाइन क्लायंटकडे गेलेलं असतं, बदलांचं काम अजून सुरू व्हायचं असतं, आणि मधल्या त्या एका ईमेलवर पुढचे दोन आठवडे अवलंबून असतात. उत्तरांसाठी एकच उदाहरण घेतलं आहे: कर्वे रस्त्यालगतच्या एका मंगल कार्यालयाचं होमपेज. कार्यालय घरचंच, कारभार काका बघतात, हिशोब आणि बुकिंगची वही काकूंकडे, आणि वेबसाइट हवी असं मुलाने, म्हणजे दादांनी, मनावर घेतलेलं.

“डिझाइन पाठवलं आहे, कसं वाटलं ते कळवा” एवढं लिहिलं तर काय बिघडतं?

मी पूर्वी अगदी असंच लिहायचो. याच कार्यालयाच्या वेळी उत्तर आलं, “छान आहे, पण जरा फ्रेश करा.” मी तीन दिवस रंग बदलत बसलो. मरून काढून केशरी आणला, मागची पार्श्वभूमी उजळ केली, अक्षरं बदलली. पुन्हा तेच उत्तर आलं, अजून फ्रेश हवं. शेवटी प्रत्यक्ष जाऊन बसलो, तेव्हा काकूंनी पडद्यावरच्या फोटोवर बोट ठेवलं. “अहो, ही भिंत बघा ना, पोपडे आलेत. दिवाळीत सगळा रंग काढून घेतला आम्ही. फोटो जुना आहे.” फ्रेश म्हणजे एवढंच होतं. रंगसंगतीबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती.

चूक माझ्या प्रश्नाची होती. “कसं वाटलं?” विचारलं की माणूस मनातली भावना सांगतो आणि त्या भावनेचं कारण आपल्याला अंदाजाने शोधावं लागतं. “हे पाच फोटो पाहा, सभागृह आज असंच दिसतं का?” असं विचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं असतं.

मग नेमकं काय विचारायचं?

जे फक्त क्लायंटलाच माहीत आहे ते विचारायचं. दोन ओळींत किती अंतर असावं हे ठरवणं आपलं काम आहे. पण कार्यालयाचा फोन वाजला की पलीकडचा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, हे काकांनाच ठाऊक असतं. होमपेजचा वरचा भाग त्या वाक्यावरून ठरतो.

आमच्या पहिल्या डिझाइनमध्ये बटणावर “चौकशी करा” असं लिहिलं होतं. मुलाला तिथे ऑनलाइन बुकिंगचा फॉर्म हवा होता आणि काकांना मोठ्या अक्षरांत फोन नंबर. दोघांचा वाद सुटेना. मी विचारलं, “फोन करणारे लोक सर्वांत आधी काय विचारतात?” काकू लगेच म्हणाल्या, “अमुक तारखेला हॉल मोकळा आहे का? बाकी सगळं त्यानंतर.” बटणावर “तारीख विचारा” आलं. ते दाबलं की मोबाइलवर थेट फोन लागतो, आणि खाली ज्याला हवा त्याच्यासाठी छोटा फॉर्म आहे. दोघांनाही पटलं, कारण आपल्या दोघांपैकी कोण बरोबर हा प्रश्न बाजूला पडला आणि गिऱ्हाइकाला काय हवं हा समोर आला.

पूर्ण ईमेल कसा दिसतो?

त्या अनुभवानंतर मी जो नमुना तयार केला, तो या कार्यालयाच्या तपशिलासह असा:

> विषय: होमपेजची दोन डिझाइन्स: ५ प्रश्नांची उत्तरं शुक्रवारी सायंकाळी ६ पर्यंत हवी आहेत
>
> नमस्कार काका,
>
> ठरल्याप्रमाणे होमपेजची दोन डिझाइन्स पाठवत आहे, पर्याय अ आणि पर्याय ब. प्रत्येकाची दोन चित्रं आहेत: मोबाइलवर दिसेल तसं आणि कॉम्प्युटरवर दिसेल तसं. तुमची बहुतेक गिऱ्हाइकं मोबाइलवरच बघतील, म्हणून मोबाइलचं चित्र आधी पाहा.
>
> ही सध्या फक्त चित्रं आहेत, त्यामुळे बटणं दाबून काही उघडणार नाही. करड्या पट्टीतला मजकूर जागा भरण्यापुरता आहे, तो तपासू नका.
>
> दोन्हींतला मुख्य फरक असा: अ मध्ये सभागृहाचा मोठा फोटो आधी येतो आणि माहिती खाली. ब मध्ये फोटो लहान आहे, पण माणसं, खोल्या आणि पार्किंगचे आकडे पहिल्याच पडद्यावर दिसतात.
>
> बदल सुरू करण्याआधी तुमच्याकडून पाच गोष्टी हव्या आहेत:
>
> १. फोन करणारे लोक पहिला प्रश्न कोणता विचारतात? त्याचं उत्तर अ मध्ये लवकर सापडतं की ब मध्ये?
>
> २. सर्वांत वर “घरचं कार्य, घरच्यासारखी व्यवस्था” असं वाक्य आहे. कार्यालय बघायला आलेल्या मुलीच्या वडिलांना तुम्ही हे वाक्य म्हणाल का? नसेल, तर तुम्ही जे म्हणता ते तुमच्याच शब्दांत लिहा.
>
> ३. पाचही फोटोंमध्ये कार्यालय आज आहे तसंच दिसतं का? कोणता फोटो जुना आहे?
>
> ४. आकडे बरोबर आहेत का: ४०० खुर्च्या, १२ खोल्या, ६० चारचाकींचं पार्किंग?
>
> ५. गिऱ्हाईक नेहमी विचारतं, पण दोन्ही डिझाइन्समध्ये कुठेच नाही, असं काही आहे का?
>
> काकू आणि दादांचंही मत घ्या, पण तिघांचं ठरलेलं एकच उत्तर तुमच्याकडून यावं, ही विनंती. उत्तरं शुक्रवारी सायंकाळी ६ पर्यंत मिळाली, तर सोमवारी काम सुरू करून पुढच्या गुरुवारी सुधारलेलं डिझाइन देईन. कोटेशनमध्ये ठरलेल्या दोन फेऱ्यांपैकी ही पहिली.
>
> लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं वाटत असेल, तर गुरुवारी ११ वाजता मी फोन करतो.
>
> आपला,

प्रश्न पाचच का? मला तर वीस गोष्टी विचारायच्या असतात.

वीस प्रश्नांचा ईमेल लोक “निवांत बघू” म्हणून बाजूला ठेवतात, आणि ती निवांत वेळ येत नाही. माझ्या अनुभवात पाच-सहा प्रश्नांना एका बैठकीत उत्तरं येतात. वीस लिहून काढा आणि प्रत्येकापुढे विचार करा: याचं उत्तर काहीही आलं, तरी माझ्या डिझाइनमध्ये काही बदलणार आहे का? बदलणार नसेल, तर तो प्रश्न खोडा. पत्ता, सोशल मीडियाची खाती, लोगोची फाइल या गोष्टी डिझाइनवरचं मत नाहीत. त्यांची यादी वेगळ्या ईमेलमध्ये पाठवा.

डिझाइन ईमेलला जोडू, लिंक देऊ, की व्हॉट्सॲपवर टाकू?

इथे बरीच गडबड होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

फिग्माची लिंक आपल्याला सोयीची असते. पण तिथे टिप्पणी लिहायची तर क्लायंटला खातं उघडून लॉगिन करावं लागतं. काकांच्या वयाचा माणूस तिथेच थांबतो आणि थांबलो हे सांगतही नाही. म्हणून मी लिंक देतो, पण पीडीएफही जोडतो. पीडीएफमध्ये प्रत्येक विभागाच्या कडेला ठळक आकडा टाकतो: १ वरचा फोटो, २ आकड्यांची पट्टी, ३ खोल्या, असं. मग फोनवरही “तीन नंबरमध्ये खोल्या एसी आहेत हे लिहा” असं बोलता येतं आणि “ते खालचं डावीकडचं, नाही त्याच्या वरचं” अशी कसरत टळते.

व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल, तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं आणि अक्षरांच्या कडा फुटतात. त्याहून मोठा घोळ कॉम्प्युटरच्या चित्राचा. ते १४४० पिक्सेल रुंद असतं. क्लायंट ते साधारण ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर उघडतो, म्हणजे सगळं चौपट लहान होतं. तुम्ही १६ पिक्सेलचं ठेवलेलं अक्षर त्याला ४ पिक्सेलचं दिसतं. लगेच उत्तर येतं, “अक्षरं फार बारीक आहेत.” ही तक्रार आली की अक्षरांना हात लावण्याआधी विचारा, कोणतं चित्र कशावर पाहिलंत? बहुतेक वेळा कॉम्प्युटरचं चित्र मोबाइलवर पाहिलेलं असतं. ईमेलमध्ये “मोबाइलचं चित्र आधी पाहा” ही ओळ याचसाठी आहे.

दोन्ही पर्यायांबद्दल इतकं समजावून सांगायची काय गरज? चित्रात दिसतंच की.

आपल्याला दिसतं. आपण आठवडाभर त्यातच असतो. क्लायंटला दोन सुंदर चित्रं दिसतात आणि तो त्यांतला जास्त आवडलेला रंग निवडतो. आमच्या उदाहरणात फरक फोटो आधी की आकडे आधी, इतकाच होता. तो एका वाक्यात सांगितला नसता, तर ब मधली शेंदरी पट्टी आवडली म्हणून ब निवडला गेला असता, आणि पुढे “फोटो एवढा लहान का?” हा प्रश्न दुसऱ्या फेरीत आला असता. यातून मी एक सवय लावून घेतली. पहिल्या फेरीत दोन्ही पर्यायांचे रंग आणि फॉन्ट सारखेच ठेवतो, फक्त मांडणी वेगळी ठेवतो.

“अ चं वरचं घ्या आणि ब चं खालचं” हे उत्तरही हमखास येतं. ते मोडीत काढू नका. वरचं काय आवडलं, फोटो की वाक्य, एवढं विचारा. आमच्याकडे उत्तर होतं, “फोटोत मांडव भरलेला दिसतो, रिकाम्या खुर्च्या दिसत नाहीत.” म्हणजे मांडणी ब ची ठेवून फोटो अ मधला घेतला की काम झालं.

क्लायंटने रंगाबद्दल मत दिलंच, तर?

तर ऐका, आणि त्यामागे कोण आहे ते शोधा. काकांना पहिल्या डिझाइनमधली काळी-करडी पट्टी खटकली होती. मला ती शांत, नेटकी वाटत होती. त्यांचं म्हणणं होतं, “शुभकार्याची जागा आहे, पत्रिकेवरसुद्धा काळी चौकट कोणी घालत नाही.” यात वैयक्तिक आवडनिवड नव्हती. लग्नाची तारीख बघायला आलेल्या आजींनाही तेच वाटलं असतं. ती पट्टी मी काढली.

त्यांनी पुढे सुचवलं, अक्षरं हळदीच्या पिवळ्या रंगात करा. इथे मात्र मी नाही म्हणालो. पांढऱ्यावर हळदीचा पिवळा वाचता येत नाही. साध्या मजकुराचा रंग आणि मागचा रंग यांच्यात किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट असावा, असं वेबच्या सुगम्यतेचे नियम सांगतात, आणि पांढऱ्यावरचा पिवळा त्याच्या जवळपासही जात नाही. नुसता नियम सांगून उपयोग नव्हता. पिवळ्या अक्षरांचं चित्र करून पाठवलं आणि म्हटलं, मोबाइल उन्हात धरून फोन नंबर वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी मरून अक्षरं आणि हळदी किनार यावर एकमत झालं.

घरातले तिघं तीन उत्तरं देतात. कोणाचं ऐकायचं?

काम घेतानाच विचारायला हवं की शेवटचा शब्द कोणाचा. राहून गेलं असेल, तर या ईमेलमध्ये विनंती करा, वर केली आहे तशी. तरीही तीन वेगळी उत्तरं आली, तर आपण न्यायाधीश होऊ नये. तिघांची उत्तरं एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि सगळ्यांना एकत्र पाठवा: “पहिल्या प्रश्नावर तिघांचं एकच म्हणणं आहे. दुसऱ्यावर काका आणि दादांचं मत वेगळं आहे. ते ठरलं की काम सुरू करतो.” यातलं कोणतंही मत गाळू नका. आमच्याकडे सर्वांत उपयोगाचं मत काकूंचं होतं, आणि त्या तर पहिल्या ईमेलच्या यादीतही नव्हत्या. फोन उचलणारी व्यक्ती कोण हे आधीच विचारा आणि तिला यादीत घ्या.

मराठी होमपेजसाठी वेगळं काही विचारावं लागतं का?

हो. जागा भरण्यापुरता मजकूर इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये ठेवून मत मागू नका. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार येतात, त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर लागतं. इंग्रजीत नीट बसलेलं शीर्षक मराठीत दोन ओळींचं होऊन उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतात. क्लायंटने इंग्रजी मजकुरावर दिलेली संमती मराठी मजकूर आल्यावर निरुपयोगी ठरते. किमान मथळा, बटणं आणि आकड्यांची पट्टी खऱ्या मराठीत लिहून पाठवा. मुक्त, हिंद, बलू असे देवनागरीसाठी खास घडवलेले मोफत फॉन्ट आहेत, त्यांतल्या एकात ते दाखवा.

आणि वाक्य मोठ्याने वाचून बघायला सांगा. “घरचं कार्य, घरच्यासारखी व्यवस्था” हे माझं वाक्य काकांनी बदललं. ते येणाऱ्यांना म्हणतात, “तुम्ही पाहुण्यांकडे बघा, बाकी आम्ही बघतो.” तेच आज साइटवर आहे.

ईमेल मराठीत लिहावा की इंग्रजीत?

फोनवर ज्या भाषेत बोलता त्या भाषेत. हिंजवडीतल्या कंपनीच्या मार्केटिंग टीमला इंग्रजीत, काकांना मराठीत. “मॉकअप”, “हिरो सेक्शन” हे शब्द मात्र कोणालाच नकोत. “होमपेजचं चित्र” आणि “सर्वांत वरचा भाग” म्हटलं की पुरतं.

मुदत किती द्यावी?

तीन ते चार कामाचे दिवस. मंगळवारी सकाळी पाठवा, शुक्रवारी संध्याकाळी मागा. आठवड्याची मुदत दिली की लोक सातव्या दिवशी उघडतात.

पण समोरच्याचं कॅलेंडर बघा. मंगल कार्यालयवाल्यांना तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्ताच्या दिवसांत मत मागणं व्यर्थ आहे. मी पंचांगात मुहूर्त नसलेला आठवडा पाहून पाठवतो. मिठाईच्या दुकानाला दिवाळीआधी आणि पेठेतल्या कोणालाही गणपतीच्या दहा दिवसांत मुदत देऊ नये.

“उत्तर आलं नाही तर मान्य समजू” असं लिहू का?

करारात तसं कलम असेल आणि क्लायंटने ते वाचून सही केली असेल, तरच. नाहीतर तो वाद ओढवून घेणं आहे. त्यापेक्षा जे खरोखर होणार ते लिहा: उत्तर जितके दिवस लांबेल, तितके दिवस पुढची तारीख सरकेल. शनिवारी सकाळी एक छोटा फोन करा. फोनवर सगळे प्रश्न पुन्हा विचारू नका. तिसरा, फोटोंचा प्रश्न विचारा, कारण त्याचं उत्तर सोपं असतं आणि बोलणं सुरू झालं की बाकीची आपोआप येतात.

उत्तर व्हॉइस नोटमध्ये आलं. आता?

पुण्यात हे रोजचं आहे, आणि त्यात वाईट काही नाही. लिहिताना माणूस आखडतो, बोलताना मोकळं सांगतो. काकांची सव्वाचार मिनिटांची व्हॉइस नोट आली होती. अर्धी पार्किंगबद्दल: ६० गाड्या मावतात हे खरं, पण त्यांतल्या वीस मागच्या गल्लीतल्या भाड्याच्या जागेत, आणि लोक आल्यावर भांडतात. हे लेखी उत्तरात कधीच आलं नसतं. साइटवर “आवारात ४० चारचाकी, शेजारच्या जागेत आणखी २०” असं लिहिलं.

व्हॉइस नोट ऐकून झाल्यावर ती तशीच सोडू नका. त्यातून समजलेल्या गोष्टी त्याच पाच प्रश्नांच्या क्रमाने लिहून परत पाठवा आणि होकार घ्या. मी तीन भाग करतो: काय बदलणार, काय बदलणार नाही आणि का, आणि काय या कामाच्या बाहेरचं आहे. काकांच्या बाबतीत पहिल्या भागात सहा गोष्टी होत्या. दुसऱ्यात पिवळी अक्षरं होती. तिसऱ्यात मुलाने मागितलेलं, कोणती तारीख मोकळी हे दाखवणारं ऑनलाइन कॅलेंडर होतं. ती दुरुस्ती नाही, नवं काम आहे, त्याचं कोटेशन वेगळं येईल, असं तिथेच लिहिलं. कॅलेंडर रोज अद्ययावत कोण ठेवणार, हेही विचारलं.

काकांनी रात्री साडेदहाला उत्तर दिलं: “सहाही बरोबर. कॅलेंडर नको, वही हिच्याकडेच असू दे. सुरू करा.” सोमवारी सकाळी मी फाइल उघडली ती या ओळी शेजारी ठेवून.